प्रशिक्षणाचा उपयोग झाला की नाही, हे कसे ठरवायचे? वेर्ण्याच्या पॅकिंग विभागाचे उदाहरण घेऊन वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रशिक्षणाचा उपयोग मोजण्याच्या अभिप्राय, शिकणे, वागणूक आणि परिणाम या चार पातळ्या आल्या कुठून?

डोनाल्ड कर्कपॅट्रिक हे अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक. प्रशिक्षण अधिकाऱ्यांच्या एका नियतकालिकात 1959 पासून त्यांनी लेखमाला लिहिली आणि तिच्यात ही विभागणी मांडली. पहिली पातळी म्हणजे प्रशिक्षण घेणाऱ्यांना ते कसे वाटले. दुसरी, त्यांना नवीन काय आले. तिसरी, कामावर परतल्यावर ते वेगळे काय करू लागले. चौथी, त्यामुळे संस्थेच्या कामात काय फरक पडला.

या चार गोष्टी एका साखळीसारख्या मांडल्या जात असल्या, तरी एकीवरून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही. वर्ग आवडला म्हणून माणूस शिकला असे होत नाही आणि शिकला म्हणून तो तसे करेलच असेही नाही. त्यामुळे प्रत्येक पातळी स्वतंत्रपणे मोजावी लागते.

या पानावर कोणते उदाहरण घेतले आहे?

गोव्यात वेर्णा, कुंडई, पिळर्ण अशा औद्योगिक वसाहतींमध्ये औषधांचे कारखाने आहेत आणि त्यांतला नेहमीचा एक प्रश्न आहे बॅच रेकॉर्डमधल्या, म्हणजे एका वेळी तयार होणाऱ्या मालाच्या कामाच्या नोंदींतल्या, चुकांचा. म्हणून एक काल्पनिक पण रोजच्या कामाशी जुळणारे उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. त्यातले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत.

गोळ्यांच्या पॅकिंग विभागात चार ब्लिस्टर लाइन आहेत आणि तीन शिफ्टमध्ये मिळून 48 माणसे काम करतात. प्रत्येक बॅचचे पॅकिंग रेकॉर्ड सुमारे 40 पानांचे असते. ते गुणवत्ता विभागाकडे म्हणजे क्यूएकडे जाते आणि शेरे मारून परत येते. कुठे सही नाही, कुठे आकडा गिरवलेला, कुठे रकाना मोकळा, कुठे वेळेचा मेळ बसत नाही. दर 100 पानांमागे 13-14 शेरे. व्यवस्थापनाने नोंदी कशा ठेवाव्यात यावर तीन-तीन तासांचे दोन वर्ग घ्यायचे ठरवले. या वर्गांचा उपयोग झाला का, हा आपला प्रश्न.

मोजायला सुरुवात कधी करायची?

वर्ग ठरायच्या आधी. तीही चौथ्या पातळीपासून, उलट्या क्रमाने. आपल्याला नेमके काय बदललेले हवे आहे? त्यासाठी कोणत्या माणसाने कोणते काम वेगळ्या रीतीने करायला हवे? ते करायला त्याला काय येत नाही? या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढली की वर्गात काय शिकवायचे हेही बरेचसे ठरून जाते.

आपल्या उदाहरणात हवा असलेला बदल असा: क्यूएकडे पोचलेले रेकॉर्ड मंजूर व्हायला लागणारे दिवस कमी व्हावेत. बॅच बाजारात जायला लागणारा एकूण वेळ येथे मुद्दामच घेतलेला नाही. त्या वेळात प्रयोगशाळेच्या चाचण्याही येतात आणि नोंदींच्या वर्गाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ज्या आकड्याला प्रशिक्षण हात लावू शकत नाही तो मोजायला घेतला, तर चांगले प्रशिक्षणही फुकट गेल्यासारखे दिसेल. चाचण्या लवकर आटोपल्या, तर वाईट प्रशिक्षणही यशस्वी दिसेल.

वर्गानंतर जाग आली तर पूर्वीची स्थिती कशी होती ते शोधायला फार काही हाती उरत नाही. निदान मागच्या आठ आठवड्यांची रेकॉर्ड काढून शेरे मोजून ठेवावेत. मोजण्याआधी आणखी एक गोष्ट करावी, जी बहुतेक ठिकाणी राहून जाते. तीच दहा रेकॉर्ड क्यूएमधल्या दोघांना एकमेकांशी न बोलता तपासायला द्यावीत. एकाला 52 शेरे सापडले आणि दुसऱ्याला 31, तर शेरा कशाला म्हणायचे हेच ठरलेले नाही. ती व्याख्या एका पानावर लिहून घेतल्याशिवाय पुढचे आकडे तपासणाऱ्याप्रमाणे बदलत राहतील.

वर्ग संपल्यावर भरून घेतल्या जाणाऱ्या फॉर्मला काही अर्थ असतो का?

असतो, पण थोडा. फॉर्मवरून वर्ग कुठे फसला ते कळते, उपयोग झाला की नाही ते कळत नाही. दुपारी शिफ्ट सुटण्याच्या वेळी कंपनीची बस गेटवर उभी असते आणि इंग्रजी फॉर्म हातात पडतो. मग सगळ्यांचे टिक एका उभ्या रेषेत पडतात आणि सरासरी 5 पैकी 4.6 येते. असा आकडा अहवालात घालू नये.

फॉर्म वर्गाच्या वेळेतच, शेवटची दहा मिनिटे राखून भरून घ्यावा. लाइनवर कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड अशा सगळ्या भाषा कानावर पडतात, म्हणून भाषा निवडायची मुभा द्यावी. प्रश्न चारच, पण कामाचे असावेत. आवडले का, प्रशिक्षक कसे होते, या प्रश्नांवरून पुढे काय घडेल याचा अंदाज जवळजवळ येत नाही. आपल्या कामात हे किती उपयोगी पडेल, या प्रश्नाचा वागणुकीशी जास्त संबंध असतो, असे या विषयावरच्या संशोधनात आढळले आहे. म्हणून विचारावे: उद्यापासून नोंद करताना तुम्ही कोणती एक गोष्ट वेगळी कराल? आणि ती करायला आड काय येईल?

हा दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. आपल्या उदाहरणात दहा-बारा जणांनी तेथे लिहिले, 'फाइल लांब असते.' ही ओळ बाजूला टाकू नका. पुढे तिचे काम पडणार आहे.

शिकले की नाही, हे परीक्षेने कळेल ना?

वर्गापूर्वी आणि वर्गानंतर दोन्ही वेळा घेतली तरच. फक्त नंतर घेतलेल्या परीक्षेत 80 टक्के गुण मिळाले, तर ते वर्गामुळे मिळाले की आधीच येत होते, हे सांगता येत नाही. दहा वर्षे लाइनवर असलेल्या ऑपरेटरला नियम तोंडपाठ असतात. त्याला वर्गाची गरजच नव्हती असेही निघू शकते, आणि तसे निघणे ही मोठी माहिती आहे.

नोंदींसारख्या विषयात पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेपेक्षा हाताने करायचे काम द्यावे. एक खोटे पान तयार करा आणि त्यात दहा चुका पेरा. एक आकडा गिरवलेला, एका ठिकाणी पांढरी शाई, एक मोकळा रकाना, काम करणारा आणि तपासणारा यांची एकच सही, बॅच सुरू होण्याआधीची वेळ, अशा. पंधरा मिनिटांत चुका शोधायला सांगा. मग एक चुकलेले वजन दुरुस्त करून दाखवायला सांगा: जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. यातले प्रत्येक अंग वेगळे तपासता येते. अनुभव असा की सही आणि तारीख लोक घालतात, कारण लिहायचे राहते.

वर्गापूर्वी सरासरी 4 चुका सापडल्या आणि नंतर 8, तर शिकणे झाले. दुसऱ्या वेळी पान वेगळे हवे, नाहीतर आठवणीचीच परीक्षा होते. सहा आठवड्यांनी तिसरे पान द्यावे. तेव्हा 7 सापडल्या तर ठीक, 5 वर घसरल्या तर उजळणी हवी.

वागणूक बदलली की नाही, हे कसे पाहायचे?

प्रत्यक्ष लाइनवर उभे राहून. सुपरवायझरला 'तुमची माणसे आता नीट नोंदी करतात का' असे विचारून मिळालेले उत्तर हे त्याचे मत असते, आणि विभागाची बाजू राखायची म्हणून ते बहुधा चांगलेच येते.

आधी पाहायच्या गोष्टी ठरवा, फार तर पाच. आपल्या उदाहरणात त्या अशा. वजन घेतल्याबरोबर लगेच नोंद केली का. दुरुस्ती ठरल्या पद्धतीने केली का. वापर नसलेला रकाना रेघ मारून बंद केला का. सुट्या कागदावर किंवा हातमोज्यावर आकडा टिपला का. तपासणाऱ्याने काम स्वतः पाहून सही केली का. प्रत्येकाला हो, नाही किंवा 'प्रसंगच आला नाही' एवढीच तीन उत्तरे. हे तिसरे उत्तर नसेल तर पाहणारा नकळत 'हो' लिहून टाकतो.

वर्गानंतर लगेच पाहायला जाऊ नका, कारण पहिल्या आठवड्यात सगळेच जपून वागतात. चौथ्या ते आठव्या आठवड्यात प्रत्येक माणसाला तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे पाहावे. एकदा तरी रात्रपाळीत पाहावे, कारण बॅच घाईने पुरी करायची असली की सवयी तेव्हा उघड्या पडतात. वर्गाआधीही अशीच एक फेरी झालेली हवी.

आता उदाहरणातले निकाल पाहा. दुरुस्तीची योग्य पद्धत 40 टक्के प्रसंगांत दिसत होती, ती 90 टक्क्यांवर गेली. वजनाची तत्काळ नोंद मात्र 50 वरून 55 वरच अडकली. माणसे तीच, वर्ग तोच, परीक्षेत हा प्रश्न सगळ्यांनी बरोबर सोडवलेला. मग एकच गोष्ट का अडली?

उत्तर फॉर्मवर आधीच आलेले होते. वजनकाटा लाइनच्या एका टोकाला आणि रेकॉर्डची फाइल दुसऱ्या टोकाच्या टेबलावर. वजन दर अर्ध्या तासाला घ्यायचे आणि मशीन सोडून दूर जायचे नाही, हाही नियमच. म्हणून ऑपरेटर आकडा लक्षात ठेवतो किंवा कागदाच्या कपट्यावर टिपतो आणि सवड मिळाल्यावर दोन-तीन नोंदी एकदम उतरवतो. काम करताना त्याच क्षणी नोंद करणे हे चांगल्या उत्पादन पद्धतींचे मूळ तत्त्व आहे हे त्याला ठाऊक आहे, पण जागेची मांडणी त्याला ते करू देत नाही. येथे आणखी एक वर्ग घेणे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया. वजनकाट्याशेजारी फाइल ठेवायला एक स्टँड बसवला की काम होते. स्टँड बसवल्यावर आकडा 85 टक्क्यांवर गेला, तर ते श्रेय स्टँडचे. ते वर्गाच्या खात्यावर लिहू नये.

तिसरी पातळी मोजण्याचा खरा फायदा हाच आहे. उपयोग झाला नाही एवढ्यावर न थांबता कशामुळे झाला नाही ते कळते. माणसाला येत नव्हते की त्याला करता येत नव्हते, यांतला फरक परीक्षेचा कागद आणि निरीक्षणाचा कागद शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

कुणी पाहत आहे हे कळल्यावर माणसे मुद्दाम नीट वागणार नाहीत का?

काही प्रमाणात वागतीलच. निरीक्षणाचा संबंध बढती किंवा कारवाईशी नाही हे आधी स्पष्ट सांगावे आणि ते पाळावे. नाव न लिहिता फक्त लाइन व शिफ्ट लिहिली तरी पुरते. पण खरा आधार म्हणजे माणसाशिवाय राहिलेला पुरावा. अनेक वजनकाट्यांच्या प्रिंटवर वेळ छापून येते. रेकॉर्डमध्ये लिहिलेली वेळ आणि प्रिंटवरची वेळ वीस-तीस ठिकाणी ताडून पाहावी.

याच तपासणीतून एक वेगळा धोकाही उघड होतो. वर्गानंतर शेरे झपाट्याने कमी झाले आणि रेकॉर्ड पाहावे तर वेळा 10:00, 10:30, 11:00, 11:30 अशा अगदी काटेकोर, शाई एक, अक्षराचा झोक एक. खऱ्या कामात वेळ 10:04 येते, मशीन थांबते, एखादी नोंद उशिरा होते आणि तिचे कारण लिहिलेले असते. इतकी नीटस पाने बहुधा शिफ्टच्या शेवटी बसून भरलेली असतात. म्हणजे लोक शेरा कसा टाळायचा ते शिकले आणि नोंद मात्र पूर्वीपेक्षा खोटी झाली. फक्त शेऱ्यांची संख्या लक्ष्य म्हणून भिंतीवर लावली की हे हमखास घडते. शेरे कमी झाले आणि वेळांचा मेळही सुधारला, तरच सुधारणा मानावी.

फरक पडला, पण तो प्रशिक्षणामुळेच पडला हे कशावरून?

यासाठी तुलना लागते आणि ती फारशी अवघड नाही. 48 जणांना एकाच आठवड्यात वर्गात बसवता येतच नाही, उत्पादन थांबेल. मग दोन गट करायचेच असतील तर ते विचाराने करा. लाइन 1 व 2 ला आधी शिकवा, लाइन 3 व 4 ला आठ आठवड्यांनी. कुणाचे प्रशिक्षण चुकत नाही आणि मधले आठ आठवडे दुसरा गट तुलनेला मिळतो.

समजा लाइन 1 व 2 वर शेरे दर 100 पानांमागे 14 वरून 6 वर आले. अहवालात लोक लगेच '8 ने घट' असे लिहितात. पण वर्ग न झालेल्या लाइन 3 व 4 वरही ते 13 वरून 11 वर आले. त्या 2 ची कारणे अनेक असू शकतात: क्यूए बारकाईने पाहत आहे ही बातमी पसरली, फॉर्मचा नमुना सुधारला, किंवा आधीचे दोन महिनेच विशेष वाईट होते आणि आकडा आपोआप सरासरीकडे परतला. ही कारणे लाइन 1 व 2 लाही लागू होती. म्हणून वर्गाचा वाटा 8 वजा 2, म्हणजे 6 धरायचा.

गोव्यात कालखंड निवडताना चवथ लक्षात घ्यावी लागते. गणेशचतुर्थीच्या दिवसांत बरीच माणसे रजेवर असतात, लाइनवर बदली कामगार येतात, बॅच कमी निघतात. आधीचे आठ आठवडे साधे आणि नंतरच्या आठ आठवड्यांत चवथ येत असेल, तर आकड्यांची तुलना करून उपयोग नाही. चवथीचे आठवडे दोन्ही गटांतून वगळावेत आणि वगळले असे अहवालात लिहावे. त्या काळात आलेल्या बदली माणसांनी केलेल्या नोंदीही वेगळ्या काढाव्यात, त्यांना वर्ग मिळालेलाच नव्हता.

एक सावधगिरी हवी: दोन्ही गटांची माणसे एकाच कँटीनमध्ये जेवतात आणि शिकलेले एकमेकांना सांगतात. त्यामुळे दुसरा गटही थोडा सुधारतो आणि वर्गाचा वाटा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. उलट दिशेची चूक होण्यापेक्षा ही बरी.

चौथ्या पातळीचा हिशेब पैशात करायचा का?

जेवढा प्रामाणिकपणे करता येतो तेवढा करावा. लाइन 1 व 2 वर महिन्याला 30 बॅच, प्रत्येकी 40 पाने, म्हणजे 1,200 पाने. दर 100 पानांमागे 6 शेरे कमी म्हणजे महिन्याला 72 शेरे कमी. एक शेरा निस्तरायला क्यूए आणि पॅकिंग मिळून 25 मिनिटे जात असतील, तर 1,800 मिनिटे म्हणजे 30 तास वाचले. तासाचा खर्च 300 रुपये धरला तर महिन्याला 9,000 रुपये.

खर्चाची बाजू: 24 माणसे, प्रत्येकी 6 तास, तासाला 200 रुपयांप्रमाणे 28,800. प्रशिक्षक आणि साहित्य 35,000. निरीक्षणाचे 24 माणसे गुणिले तीन वेळा गुणिले पाव तास, म्हणजे 18 तास, 300 रुपयांप्रमाणे 5,400. एकूण 69,200 रुपये. म्हणजे सुधारणा टिकली तर सुमारे आठ महिन्यांत खर्च निघतो. शेरे तीन महिन्यांत पुन्हा 12 वर गेले तर निघत नाही, म्हणून सहाव्या महिन्यात पुन्हा मोजणे भाग आहे.

टळलेल्या परत-मागवणुकीचे कोट्यवधी रुपये किंवा तपासणीत न आलेल्या आक्षेपांची किंमत या बेरजेत घालू नये. न घडलेली गोष्ट या सहा तासांमुळेच घडली नाही, हे कुणालाही दाखवता येत नाही. आणि वाचलेले 30 तास हा पगारातून कमी झालेला खर्च नव्हे. क्यूएने तो वेळ कशाला वापरला, रेकॉर्ड मंजूर व्हायचे दिवस खरेच खाली आले का, हे पाहिल्यावरच त्याला परिणाम म्हणावे.

आमच्याकडे पॅकिंगला आठच माणसे आहेत. हे सगळे करायचे का?

आठ माणसांत दोन गट करून सरासऱ्या काढण्यात अर्थ नाही; एक माणूस रजेवर गेला तरी आकडा हलतो. त्याऐवजी वर्गाआधी सहा आणि नंतर सहा आठवडे दर आठवड्याला शेरे मोजून एका कागदावर ठिपके टाकावेत. घसरण वर्गाच्या आठवड्यानंतर सुरू झाली की आधीपासूनच चालू होती, हे त्या रेषेवरून दिसते. मग सर्वांत जास्त सुधारलेले दोघे आणि अजिबात न सुधारलेले दोघे निवडून त्यांच्याशी लाइनवरच अर्धा तास बोलावे. कुणाला काय उपयोगी पडले, कुणाचे कशात अडले. कोणताही आकडा सांगितला की त्याचा दिसेल असा पुरावा मागावा, म्हणजे ते रेकॉर्ड काढून पाहावे.

निरीक्षणाचा पाच ओळींचा कागद मात्र आठ माणसांनाही तसाच वापरावा. त्याला पैसे लागत नाहीत आणि लांब ठेवलेली फाइल त्यातूनच सापडते.

कंत्राटी माणसे सहा महिन्यांत बदलतात. मग मोजून काय उपयोग?

येथे माणसाऐवजी जागा मोजावी. दर महिन्याला प्रत्येक लाइनवर दहा निरीक्षणे, त्या दिवशी जो कुणी उभा असेल त्याची. शिवाय त्याचे प्रशिक्षण झाले आहे की नाही एवढेच शेजारी लिहावे. तीन महिन्यांत शिकलेले आणि न शिकलेले यांच्या वागणुकीतला फरक आपोआप समोर येतो. न शिकलेला नवा कामगारही दुरुस्ती बरोबर करताना दिसला, तर शेजारच्या जुन्या ऑपरेटरने त्याला शिकवले आहे. तसे असेल तर पुढच्या वेळी बाहेरून प्रशिक्षक आणण्याआधी त्या ऑपरेटरला वर्गासाठी शिफ्टमधून चार तास मोकळे करावेत आणि त्याचाही निकाल याच कागदावर मोजावा.